पार्ट पेमेंट: मुदत कमी करू की हप्ता? आणि चार्ज लागतो का?

वडगावची_शिक्षिका

नमस्कार मंडळी. बेळगावच्या वडगावात आमचं घर आहे. त्यावर सहा वर्षांपूर्वी २० वर्षांचं गृहकर्ज काढलं होतं, फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराचं. आज दर ८.४० टक्के आहे आणि हप्ता १९,५७८ रुपये. ७२ हप्ते भरून झाले. परवा स्टेटमेंट काढलं, तर शिल्लक मुद्दल बरोब्बर २० लाखांच्या आसपास आहे आणि पुढचे हप्ते १८० दाखवतायत.

सासऱ्यांच्या नावची येळ्ळूरकडची थोडी जमीन विकली, त्यातला आमचा वाटा ५ लाख आला. त्यातले ४ लाख कर्जात भरायचं आम्ही दोघांनी ठरवलंय. एक लाख हाताशी ठेवतोय, कारण मुलगी पीयूसी सेकंडला आहे, सीईटी देतेय. जूननंतर कुठं ॲडमिशन मिळेल आणि फी किती येईल, काही सांगता येत नाही.

शाखेत गेले तर काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, मुदत कमी करायची की हप्ता कमी करायचा? मला उत्तरच सुचलं नाही. वर ती म्हणाली, सर आल्यावर विचारा, थोडा चार्जपण लागेल. तेव्हा पैसे न भरताच घरी आले. यातलं काय निवडू? आणि हा चार्ज कसला? आमच्या दोघांच्याही घरात याआधी कुणी कर्ज घेतलेलं नाही, म्हणून इथं विचारतेय.

शहापूरकर

ताई, डोळे झाकून मुदत कमी करा. हप्ता कमी करून घेतला की बँकेचाच फायदा, व्याज पुढं १५ वर्षं चालूच राहतं. मी माझ्या घराच्या कर्जात असंच केलं आणि पाच वर्षं आधी मोकळा झालो. आणि जे भरायचं ते आत्ताच भरा. कर्जाची निम्मी मुदत संपली की पार्ट पेमेंटला काही अर्थ राहत नाही, तोवर बँकेनं सगळं व्याज वसूल केलेलं असतं.

उद्यमबाग_वर्कशॉप

चार्ज लागतो ओ, चांगलाच लागतो. मी मशीनवरच्या कर्जाचे ६ लाख मुदतीआधी भरले, तर ४ टक्के आणि वर जीएसटी कापला. २४,००० आणि त्यावर ४,३२०, म्हणजे २८,३२० रुपये गेले. ताईंनी आधी लेखी विचारून घ्यावं, नाहीतर ४ लाखांवर १६,००० आणि वर जीएसटी बसेल.

अनगोळ_निवृत्त

मी ३१ वर्षं एका बँकेच्या कर्ज विभागात काढली, शेवटची काही वर्षं चिकोडी आणि बेळगावला. तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. एकेक घेऊ.

आधी चार्ज, कारण त्याचं उत्तर सरळ आहे. वैयक्तिक कर्जदाराच्या फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा चार्ज लावायला रिझर्व्ह बँकेनं ५ जून २०१२ लाच बँकांना मनाई केली. २०१४ मध्ये ती मनाई व्यक्तींच्या सगळ्या फ्लोटिंग मुदत कर्जांना लागू झाली. पूर्ण फेड असो की थोडी, पैसे जमीन विकून आलेले असोत की पगारातून साठवलेले, फरक पडत नाही. तुमचं कर्ज दोघांच्या नावावर असेल तरी हरकत नाही. तुमच्या ४ लाखांवर शून्य चार्ज.

वर्कशॉपवाल्या दादांचं कर्ज धंद्याचं आहे, मशीनवरचं आहे. त्याला हा नियम त्या वेळी लागू नव्हता. त्यांचा अनुभव खरा आहे, पण तो ताईंच्या कर्जाला लागत नाही.

आता मुदत की हप्ता. शहापूरकर, तुमचा सल्ला चुकीचा नाही, पण त्यामागं दिलेलं कारण अर्धंच आहे. आकडे मांडतो.

आज काहीच भरलं नाही, तर १८० हप्त्यांत ताई एकूण साधारण १५ लाख २४ हजार व्याज देतील. ४ लाख भरले की मुद्दल १६ लाख होतं.

पहिला रस्ता म्हणजे हप्ता १९,५७८ च ठेवायचा. मग कर्ज १८० ऐवजी १२२ हप्त्यांत संपतं, म्हणजे ४ वर्षं १० महिने आधी. एकूण व्याज साधारण ७ लाख ८२ हजार.

दुसरा रस्ता म्हणजे १८० हप्ते तसेच ठेवायचे. मग हप्ता १५,६६२ होतो, महिन्याला ३,९१६ रुपये कमी. एकूण व्याज साधारण १२ लाख १९ हजार.

पहिल्यात ७ लाख ४० हजारांच्या आसपास वाचले, दुसऱ्यात ३ लाख ५ हजार. हे बघून सगळे म्हणतात, मुदत कमी करा. पण जरा थांबून विचारा की हा फरक आला कुठून? ते ४ लाख दोन्हीकडं सारखंच काम करतायत. दोन्ही रस्त्यांत पहिल्याच महिन्यात व्याज १४,००० वरून ११,२०० वर येतं. फरक आहे तो दरमहाच्या ३,९१६ रुपयांचा. पहिल्या रस्त्यात ते पैसे तुम्ही दर महिन्याला कर्जातच घालता. दुसऱ्यात ते तुमच्या हातात राहतात.

मग हप्ता १५,६६२ करून घेतला आणि ते ३,९१६ रुपये दर महिन्याला स्वतःहून कर्जातच भरत राहिलात, तर? कर्ज तितक्याच, १२२ महिन्यांत संपतं आणि व्याजही तितकंच लागतं. कारण चार्ज शून्य आहे. चार्ज असता तर हे गणित बिघडलं असतं. या दोन प्रश्नांची गाठ आहे ती इथं.

शहापूरकर

काका, हिशेब पटला. पण माणसाचं काय? ३,९१६ रुपये दर महिन्याला स्वतःहून कोण भरतं? पहिले तीन महिने भरेल. मग गणपती येतील, दिवाळी येईल, कुणाचं तरी लग्न निघेल. मी माझ्या अनुभवानं सांगतो, सक्तीचा हप्ता आहे म्हणूनच मी फेडलं. हातात राहिलेले पैसे घरात राहत नाहीत.

अनगोळ_निवृत्त

हे मात्र शंभर टक्के मान्य. ज्याला स्वतःची खात्री नाही त्यानं मुदतच कमी करावी. पण ताईंची अडचण वेगळी आहे. घरात पुढच्या वर्षी फीचा मोठा खर्च येणार आहे. एकदा १९,५७८ ला बांधून घेतलं की एखाद्या महिन्यात ओढाताण झाली म्हणून १५,००० भरून चालत नाही. हप्ता थकला की दंड लागतो आणि सिबिलमध्ये नोंद जाते. १५,६६२ च्या हप्त्यात फीच्या महिन्यात जादाचे ३,९१६ भरायचे नाहीत, एवढंच. कुणाला विचारायला नको, अर्ज नको.

नंतर शाखेत जाऊन 'हप्ता पुन्हा कमी करून द्या' म्हटलं तर ते होईलच असं नाही. बँकेच्या दृष्टीनं ती कर्जाची फेररचना ठरू शकते. उलट दिशेला जाणं, म्हणजे कमी हप्ता घेऊन जास्त भरणं, केव्हाही सोपं.

आणि तुमचं ते निम्म्या मुदतीचं. तसं नसतं. शिल्लक मुद्दलावरच व्याज लागतं. शेवटच्या पाच वर्षांतही तुम्ही एक लाख भरले, तर त्या एक लाखावरचं ८.४ टक्के उरलेल्या काळासाठी वाचतं. काळ कमी म्हणून रक्कम कमी दिसते, पण दर तोच.

टिळकवाडी_हिशेब

मी छोट्या दुकानांचे हिशेब लिहितो. काकांच्या गणितात एक गोष्ट राहिली असं वाटतं. दर फ्लोटिंग आहे. उद्या दर एक टक्का वाढून ९.४ झाला आणि बँकेनं हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, तर दोन रस्ते सारखे राहत नाहीत. मी मांडून बघितलं. १९,५७८ चा हप्ता असेल तर १२२ चे १३१ हप्ते होतात, ९ वाढतात. १५,६६२ चा असेल तर १८० चे २०७ होतात, म्हणजे २७ वाढतात. कमी हप्त्यातला बराचसा भाग व्याजातच जातो, त्यामुळं थोड्या दरवाढीनंही मुदत लांब पळते.

दुसरं, प्राप्तिकर. घराच्या व्याजावर वजावट मिळते ना? मग एवढी घाई कशाला?

अनगोळ_निवृत्त

मुद्दा बरोबर आणि महत्त्वाचा. मी तो सोडायला नको होता. जादाचे ३,९१६ नेमानं भरले तर ही अडचण येत नाही, न भरले तर येते. आणि ताईंच्या बाबतीत ही अडचण एकदा येऊन गेलेली दिसतेय. त्यांचे आकडे पुन्हा बघा. २० वर्षांचं कर्ज म्हणजे २४० हप्ते. ७२ भरले, मग १६८ उरायला हवे होते. स्टेटमेंट १८० दाखवतंय. ते १२ हप्ते आले कुठून?

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो, ४ टक्क्यांवरून ६.५ वर गेला. त्या वेळी बहुतेक बँकांनी हप्त्याला हात लावला नाही, गुपचूप मुदत वाढवली. पुढं २०२५ मध्ये दर उतरले तेव्हा मुदत परत थोडी आत आली, पण पूर्ण नाही. याच तक्रारींमुळं रिझर्व्ह बँकेनं १८ ऑगस्ट २०२३ ला सांगितलं की दर बदलताना कर्जदाराला विचारायचं: हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं. आणि दर तिमाहीला स्टेटमेंट द्यायचं, त्यात आजवर गेलेलं मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर हे सगळं हवं. ताई, ते तिमाही पत्र तुम्हाला मिळतं का बघा.

आणखी एक. रेपो डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ वर आला. तुमचा दर ८.४०, म्हणजे रेपोवर ३.१५ टक्के. पैसे भरायला जाल त्याच दिवशी विचारा, नव्या ग्राहकाला तुम्ही किती दरानं देता? तुमचा दर कमी करून घेता येत असेल आणि त्याची एकदाची फी रास्त असेल, तर तेही करून घ्या. पार्ट पेमेंटच्या गडबडीत लोक हे विचारायचं विसरतात.

प्राप्तिकराचं थोडक्यात. स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट जुन्या करपद्धतीत वर्षाला २ लाखांपर्यंत मिळते, नव्या पद्धतीत मिळत नाही. जुन्या पद्धतीतला माणूससुद्धा शंभर रुपये व्याज देऊन वीस किंवा तीस रुपये कर वाचवतो. उरलेले सत्तर-ऐंशी बँकेला जातातच की.

वडगावची_शिक्षिका

काका, ते १२ हप्त्यांचं वाचून मी कपाळाला हात लावला. मला कधीच कुणी कळवलं नाही. ईमेल शोधले, तर एक पत्र होतं, इंग्रजीत, मी न वाचताच सोडून दिलेलं. त्यात लिहिलंय की काही न कळवल्यास मुदत वाढवली जाईल.

मी जुन्या पद्धतीत नाही, त्यामुळं वजावटीचा प्रश्न नाही. हप्ता कमी करून जादा भरायचं हे पटतंय. पण शहापूरकरदादा म्हणतात ते आमच्या घराला लागू आहे. खरंच राहत नाहीत पैसे.

निपाणीकर_वहिनी

मुदत की हप्ता यावर मी काही बोलणार नाही. पण पैसे भरल्यानंतर काय होतं ते ऐका, कारण मी फसले.

आम्ही एका वित्तसंस्थेकडून घरासाठी कर्ज घेतलं होतं. बँक नव्हे, कंपनी. उसाचं बिल आलं, तेव्हा २ लाख ॲपवरून सरळ कर्ज खात्यात टाकले. मेसेज आला, पैसे मिळाले. मी निर्धास्त. आठ महिन्यांनी मुलानं स्टेटमेंट बघितलं, तर मुद्दल जिथल्या तिथं. ते २ लाख आगाऊ हप्ते म्हणून बाजूला ठेवलेले आणि दर महिन्याला त्यातूनच हप्ता वळता होत होता. मी मनात म्हणत होते, हप्ता कापला कसा जात नाही! मला वाटलं फेडलं म्हणून सवलत दिली. फोन केला तर म्हणे, तुम्ही पार्ट पेमेंटची रिक्वेस्ट टाकलीच नाही. आठ महिन्यांचं २ लाखांवरचं व्याज गेलं ते गेलंच.

ताई, पैसे टाकायच्या आधी कागद द्या आणि नंतर कागद बघा.

अनगोळ_निवृत्त

वहिनींनी सांगितलं ते सोन्यासारखं आहे. बऱ्याच बँकांत कर्ज खात्यात जादा पैसे टाकले की मुद्दल लगेच कमी होतं, हप्ता तोच राहतो आणि आपोआप मुदत कमी होते. काही ठिकाणी मात्र ते आगाऊ हप्ता म्हणून पडून राहतात. बाहेरून बघून कळत नाही. म्हणून अर्ज द्यायचा, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्यायची. इंग्रजीत द्या किंवा कन्नडमध्ये, आपल्या शाखांत तेच चालतं. मजकूर असा:

"माझ्या गृहकर्ज खात्यात आज ४,००,००० रुपये भरत आहे. ही रक्कम आगाऊ हप्ता न धरता आजच्याच तारखेला मुद्दलातून वजा करावी. मुदत आहे तशी ठेवून मासिक हप्ता कमी करावा. या फेडीवर कोणताही चार्ज लागणार नाही याची लेखी पोच द्यावी आणि नवं परतफेड वेळापत्रक द्यावं."

मुदत कमी करायची असेल तर तिसऱ्या वाक्यात 'हप्ता आहे तसा ठेवून मुदत कमी करावी' असं लिहायचं. यातलं काहीच लिहिलं नाही, तर संगणकात जे ठरलेलं असेल ते होतं.

पैसे गेल्यावर पुढच्या हप्त्याची नोंद उघडून एकच ओळ बघा, व्याजाची. आज १९,५७८ पैकी साधारण १४,००० व्याज आणि ५,५७८ मुद्दल जातंय. ४ लाख खरोखर मुद्दलातून गेले असतील, तर व्याज ११,२०० च्या घरात दिसेल. महिना ३० चा की ३१ चा यानं दोन-तीनशे रुपये इकडंतिकडं होतात. १४,००० च्याच आसपास दिसलं, तर पैसे कुठंतरी बाजूला पडलेत. त्याच दिवशी शाखेत जायचं, आठ महिने थांबायचं नाही.

आणि हप्त्याच्या तारखेची वाट बघत बसू नका. व्याज रोजच्या शिल्लकीवर धरत असतील, तर ४ लाखांचं एका दिवसाचं व्याज ९२ रुपये होतं. पंधरा दिवस सेव्हिंग खात्यात ठेवले तर कर्जावर तेराशे-चौदाशे व्याज जादा जातं. शाखेत विचारा, रोजच्या शिल्लकीवर धरता की महिनाअखेरच्या? महिनाअखेरच्या म्हणाले, तर त्यांच्या तारखेच्या आत भरा.

शहापूरकर

आणि जादाचे ३,९१६ भरायला ते घेतील का? माझ्या वेळी एका हप्त्यापेक्षा कमी रक्कम पार्ट पेमेंट म्हणून घेत नव्हते.

अनगोळ_निवृत्त

बरोबर शंका. हे संस्थेगणिक बदलतं. काही ठिकाणी कितीही टाका, काही ठिकाणी किमान रक्कम असते, काही ठिकाणी दर वेळी वेगळी रिक्वेस्ट लागते. ताईंच्या बँकेत लहान रक्कम घेत नसतील, तर तेच पैसे रिकरिंगमध्ये साठवून वर्षाअखेरीला एकदम भरायचे. थोडं व्याज जास्त जाईल, पण फार नाही. घेत असतील, तर सेव्हिंग खात्यातून कर्ज खात्यात दर महिन्याची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावून टाका, पगाराच्या दुसऱ्या दिवसाची. म्हणजे शहापूरकरांच्या म्हणण्यावरही थोडा इलाज होतो. पैसे हातात यायच्या आत गेले पाहिजेत.

खानापूरचा_भाऊ

मी सौहार्द सोसायटीतून घरदुरुस्तीला ५ लाख घेतलेत. मीपण चार्ज न देता भरू शकतो का? इथं वाचून उद्याच जायचा विचार आहे.

अनगोळ_निवृत्त

भाऊ, थांबा. सौहार्द सोसायटी म्हणजे बँक नव्हे. ती कर्नाटक सौहार्द सहकारी कायदा, १९९७ खाली नोंदलेली असते. रिझर्व्ह बँकेचे हे नियम तिला लागू होत नाहीत. शिवाय अशा संस्थांचा दर बहुतेक वेळा फ्लोटिंग नसतो, ठरावीकच असतो. तुमचा करार आणि संस्थेचे पोटनियम काय म्हणतात तेच चालेल. आपल्या भागात बऱ्याच सोसायट्या मुदतीआधी फेडलं तर काहीच घेत नाहीत, उलट खूश होतात. पण ते गृहीत धरू नका, आधी विचारा. नावात 'बँक' आहे का, एवढं आधी बघा. नागरी सहकारी बँक असेल, तर ती रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येते.

वडगावची_शिक्षिका

आज पुन्हा शाखेत गेले होते. सर म्हणाले, चार्ज नाही, पण 'प्रोसेसिंग' म्हणून थोडे लागतील. मी विचारलं, कशाचे? म्हणाले, हप्ता बदलायचा तर सिस्टिममध्ये नवं वेळापत्रक करावं लागतं. किती, ते सांगितलं नाही. मी अर्ज देऊन आले, शिक्का घेतला. पैसे अजून भरलेले नाहीत. हे घेऊ शकतात का?

अनगोळ_निवृत्त

नाव बदलून तोच चार्ज घेतला तर तो फेडीवरचाच चार्ज. मी शाखेत असतो तर घेतला नसता. पण हप्ता बदलण्याच्या कामाची वेगळी फी काही बँकांच्या दरपत्रकात असू शकते, म्हणून थेट नाही म्हणत नाही. तुम्ही एवढंच करा. सरांना म्हणा, तुमच्या दरपत्रकातली ही ओळ मला दाखवा. प्रत्येक बँकेच्या वेबसाइटवर सेवा शुल्काची यादी असते. तुमचं मंजुरीपत्र आणि करारही काढा. यांपैकी कुठंच ती फी नसेल, तर द्यायची नाही.

तरी कापली तर आधी बँकेकडंच लेखी तक्रार करायची, ईमेल चालतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. फी लागत नाही, वकीलही लागत नाही. शिक्क्याची प्रत जपून ठेवा, तिथं तीच लागते.

आणि फी खरंच निघाली तर त्यावरही तोडगा आहे. हप्ता न बदलता ४ लाख फक्त मुद्दलात भरायचे, म्हणजे मुदत आपोआप कमी. त्याला कुठलंही नवं काम लागत नाही. मग हप्ता कमी असल्याची मोकळीक जाते, पण पाचशे-हजार फी असेल तर ती देऊन मोकळीक घ्यावी असं माझं मत. मुलीच्या फीचं वर्ष आहे.

शहापूरकर

माझं मत उलट. पाचशे रुपये वाचवा, मुदत कमी करा आणि एक लाख ठेवलायत त्यातून फी भागवा.

उद्यमबाग_वर्कशॉप

माझ्या कर्जाचं राहिलं. २०२६ पासून धंद्याच्या कर्जालाही चार्ज नाही असं कुणीतरी सांगितलं. मग माझे २८,३२० परत मिळतील का?

अनगोळ_निवृत्त

दादा, ते नाही मिळणार. रिझर्व्ह बँकेनं २ जुलै २०२५ ला नवे निर्देश काढले, पण ते १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना लागू आहेत. त्यापुढं व्यक्तींना आणि सूक्ष्म व लघु उद्योगांना धंद्यासाठी दिलेल्या फ्लोटिंग कर्जावर मोठ्या बँकांना असा चार्ज घेता येत नाही. स्मॉल फायनान्स बँका, ग्रामीण बँका आणि काही वित्त कंपन्यांना ही मनाई ५० लाखांपर्यंतच्या कर्जापुरती आहे. तुमचं कर्ज त्याआधीचं. पुढच्या वेळी मशीन घ्याल तेव्हा दर फ्लोटिंग आहे ना, आणि त्यांनी दिलेल्या मुख्य माहिती पत्रकात मुदतपूर्व फेडीच्या ओळीत काय लिहिलंय, हे सही करण्याआधी वाचा.

वडगावची_शिक्षिका

उशिरा लिहितेय, माफ करा. महिना झाला. सरांना दरपत्रक दाखवा म्हटल्यावर प्रोसेसिंगचा विषय निघालाच नाही. ४ लाख भरले, पोच मिळाली. हप्ता १५,६६२ झाला. काल पहिला हप्ता गेला, त्यात व्याज ११,४१५ आणि मुद्दल ४,२४७. काका, ११,२०० पेक्षा २१५ जास्त आहे, हे ३१ दिवसांमुळंच ना?

स्टँडिंग इन्स्ट्रक्शन ३,९०० ची लावली, पाच तारखेची. ती घेतलीय, पण ते ३,९०० अजून वेळापत्रकात दिसत नाहीत. उरलेले हप्ते १७९ च दाखवतंय. दर कमी करण्याचा अर्जही दिला, त्याचं उत्तर नाही आलेलं.

अनगोळ_निवृत्त

हो, ३१ दिवसांचंच. १६ लाखांवर ८.४ नं रोजचे ३६८ पडतात, ३१ नं गुणा. बरोबर आहे.

३,९०० लगेच वेळापत्रकात दिसतीलच असं नाही. वेळापत्रक बँक पुन्हा काढेल तेव्हा बदलेल. पण पुढच्या महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये शिल्लक मुद्दल ३,९०० नं जास्त उतरलेलं दिसलं पाहिजे. नाही उतरलं, तर निपाणीच्या वहिनींचीच गोष्ट.

उद्यमबाग_वर्कशॉप

काका, एक शेवटचं. माझी कॅश क्रेडिट लिमिट दर वर्षी मार्चला रिन्यू होते. ती २०२६ नंतर रिन्यू झाली, म्हणजे नवे नियम तिला लागले का?

अनगोळ_निवृत्त

लिमिट कुणाच्या नावावर आहे, फर्मच्या की तुमच्या? आणि उद्यम नोंदणीत सूक्ष्म आहे की लघु? नूतनीकरणाचं पत्र घरी असेल तर त्यावर मंजुरीची तारीख आणि दर कसा लिहिलाय ते इथं टाका. खाते क्रमांक झाकून. ते बघितल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.